तीन सेकंदांचा कचरा

मालवणजवळच्या कट्टा गावात, एसटी थांब्यासमोर कायतानचं दुकान आहे. पाटीवर ‘कायतान फोटो स्टुडिओ’ असं मोठ्या अक्षरांत आणि ‘झेरॉक्स’ असं बारीक अक्षरांत लिहिलंय, कमाई मात्र नेमकी उलट आहे. साठीला आलेला हा माणूस. बापाने रोल धुण्याचं काम शिकवलं तेव्हा रोल छत्तीस फोटोंचा असायचा, आणि छत्तिसातला एक वाया गेला की बाप दिवसभर घुम्यासारखा बसायचा. ती शिस्त कायतानच्या हाडात मुरली. एका क्षणाचा एक फोटो, बाकी सगळा कचरा, हे त्याचं तत्त्वज्ञान. पस्तीस वर्षांत त्याने पंचक्रोशीतल्या किती नवऱ्या मुलींना ‘हास गो’ म्हणून हसवलं असेल, त्याला हिशोब नाही.

फोन आले, लग्नांची कामं आटली आणि कायतानने नवा उद्योग शोधला. लोकांच्या फोनमध्ये जागा करून द्यायची. फोन केबलने कॉम्प्युटरला जोडायचा, फोटो पेनड्राइव्हवर उतरवायचे आणि फोन रिकामा करून हातात द्यायचा. गिऱ्हाईक खूश. पण पेनड्राइव्हही लवकर भरायला लागले, तेव्हा कायतानच्या लक्षात आलं की आयफोनच्या बहुतेक फोटोंसोबत त्याच नावाची एक व्हिडिओची फाइल उतरते. फक्त तीन सेकंदांची. बटण दाबण्याआधीचे दीड सेकंद आणि नंतरचे दीड सेकंद. त्याला लाइव्ह फोटो म्हणतात. अडीच-तीन एमबीचं हे शेपूट म्हणजे फोटोपेक्षाही जड. हलणारे पाय, अर्धवट जांभई, कुणाची तरी कोपरं! कायतान फाइली प्रकारानुसार लावायचा, व्हिडिओ सगळे एका खाली एक आले की वरपासून खालपर्यंत निवडायचा आणि पुसून टाकायचा. एकही उघडून बघायचा नाही. कचरा काय उघडून बघायचा?

दुसरी गोष्ट, त्याचा कॉम्प्युटर जुना. नवे फोन फोटो घट्ट मिटून ठेवतात, एचईआयसी नावाच्या प्रकारात. तोच फोटो, तसाच दिसणारा, पण साध्या जेपीजीच्या साधारण निम्म्या जागेत मावतो. कायतानच्या कॉम्प्युटरला तो प्रकार उघडता येत नव्हता. त्यामुळे दुकानात येणाऱ्या प्रत्येक आयफोनच्या सेटिंगमध्ये जाऊन तो ‘हाय एफिशियन्सी’ काढायचा आणि ‘मोस्ट कम्पॅटिबल’ करून ठेवायचा. गिऱ्हाइकाला विचारायचीही गरज नाही. आपली सोय झाली की झालं. लोकांचे फोन मग पूर्वीच्या दुप्पट वेगाने भरायचे आणि लोक परत कायतानकडेच यायचे. आपणच विहिरीत ढकलायचं आणि आपणच दोर सोडायचा. त्याने हे मुद्दाम केलं असं कोणी म्हणू नये. एवढा विचार करण्याइतका तो लबाड नव्हता.

या माणसाच्या बायकोचा, रोझालिनाचा, एकही धड फोटो नव्हता. दिव्याखाली अंधार तो हा असा. ती फोटो मागायची आणि हा म्हणायचा, ‘मागीर काडतंय गो, गिऱ्हाईक आसा.’ गेल्या फेब्रुवारीत सकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या ती कलंडली आणि संध्याकाळपर्यंत संपली. त्याचं ते मागीर, ते ‘नंतर’, तिथेच राहिलं.

थडग्यावर संगमरवर बसवला. त्यात फोटोसाठी अंड्याच्या आकाराची खोबण ठेवली, आणि ती खोबण आठ महिने रिकामीच होती. म्हापशाचा कारागीर चिनीमातीवर फोटो उमटवून द्यायचा, पण त्याला फोटो तर हवा ना! लग्नातली रोझालिना बावीस वर्षांची पोर होती. आधारकार्डावरची रोझालिना पकडून आणलेल्या चोरासारखी दिसत होती. दोन नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या दिवशी, सगळा गाव सिमितरीत, म्हणजे दफनभूमीत, मेणबत्त्या लावायला येतो. त्याआधी खोबण भरायची तर कारागिराला फोटो द्यायची शेवटची तारीख वीस ऑक्टोबर होती, म्हणून मुलगी डेलिशा गोव्याहून रोज फोन करायची.

“पप्पा, वीस तारीख निमाणी. फोटो गावलो?”

“बघतंय गो.”

“लोक काय म्हणतले? फोटोवाल्याच्या बायलेक फोटो नाय!”

रोझालिनाच्या स्वतःच्या फोनचाही उपयोग नव्हता. तो ती असतानाच डेलिशाच्या सासूला देऊन झाला होता, पार पुसून. त्यातले फोटो कायतानने आपल्या हाताने उतरवले होते आणि त्यात होतं काय? रोझालिनाने काढलेले इतरांचे फोटो. काढणारा फोटोत कसा असेल?

ऑक्टोबर अर्धा सरला होता. दुपारी दोनला कट्ट्याचा बाजार पेंगत असताना यशोदा आली. ही आतल्या गावची, काजूवाली. पोरीने, तेजस्वीने, दिलेला जुना आयफोन तिच्या पिशवीत असायचा.

“कायतानभाऊ, ह्यो फोन गेलं वर्षभर भरलोहा. फोटो घेणा नाय. मी फोटो काडूचेच सोडलंय. पण आता तेजस्वीचा बाळ येतला, त्येचे फोटो खंय ठेवतलंय?”

“ठेव थंय. चाराच्या गाडयेक जातलंस मा? तवसर रिकामो करतंय.”

यशोदा बाजारात गेली. ऊन आत येत होतं म्हणून कायतानने शटर अर्धं ओढलं, फोन जोडला आणि फोटो उतरवले. फाइली प्रकारानुसार लावल्या. व्हिडिओ एका खाली एक आले, सगळ्यात नवा सगळ्यात वर. त्यावर क्लिक करून खाली जायचं म्हणून त्याने बोट टेकवलं आणि बोट दोनदा पडलं. फाइल उघडली.

स्पीकर कॉम्प्युटरपाशी नव्हते. ते मागच्या फळीवर होते, गिऱ्हाइकाच्या खुर्चीच्या वर. त्यामुळे आवाज आला तो पाठीमागून. लांबवर वाजणारा बँड, एक फटाका, आणि अगदी कानाशी,

“माजो एक काड गो यशोदा. घरचो फोटोवालो काय काडणा ना—”

कायतान खुर्चीसकट वळला. मागे कोणी नव्हतं. डबा घेऊन आली की रोझालिना जिच्यावर बसायची, ती प्लास्टिकची खुर्ची भिंतीशी होती आणि तिच्यावर झेरॉक्सचे कागद होते. पंखा फिरत होता. एक कागद उडाला आणि खाली पडला.

भूत-बित मानणारा माणूस नव्हता तो. चर्चमध्ये मिस्साला जायचा, तेवढंच. तरी त्याने आधी दाराकडे पाहिलं आणि मगच कॉम्प्युटरकडे. पडद्यावर लाल माती होती आणि दोन पाय. निळ्या पट्ट्यांच्या चपलांतले. उजव्या चपलेचा पट्टा पांढऱ्या दोऱ्याने शिवलेला.

तो दोरा त्याने स्वतः घातला होता. त्याच चपला घालून रोझालिनाला पेटीत ठेवलं होतं, कारण डेलिशाने आणलेले नवे बूट तिच्या सुजलेल्या पायांत जाईनात.

त्याने पुन्हा लावलं. बँड, फटाका, “माजो एक काड गो यशोदा…” तीन सेकंद आणि बंद. पुन्हा लावलं. चौथ्या वेळेला अर्ध्या शटरखालून काहीतरी आत सरकलं आणि कायतानच्या तोंडून ओरडा निघायचाच बाकी राहिला. थांब्यावरचा तांबडा कुत्रा होता. रोझालिना त्याला रोज भाकरीचा तुकडा द्यायची. ती गेल्यापासून तो या दुकानाकडे फिरकला नव्हता. तो थेट प्लास्टिकच्या खुर्चीपाशी गेला, वर बघितलं आणि शेपटी हलवायला लागला.

“जा रे,” कायतान म्हणाला.

मग त्याने केबल काढली आणि फोनच हातात घेतला. त्या फोटोच्या अगोदर काय आहे ते बघायला. अगोदर चर्चच्या फेस्ताची मिरवणूक होती, गेल्या वर्षीच्या डिसेंबरमधली. तो एक फोटो नव्हता, ढीग होता. यशोदाचा अंगठा काजूच्या चिकाने राठ झालेला, बटणाला नुसतं शिवणं तिला माहीत नाही, ती बटण दाबूनच धरते. आणि त्या जुन्या फोनवर बटण दाबून धरलं की सेकंदाला दहा फोटो सुटतात. वरून दिसतो एकच, आत एकसष्ट. एकसष्टच्या एकसष्ट पूर्ण फोटो, प्रत्येकाला आपापली जागा लागते. असा ढीग दिसला की कायतान त्यातला एक निवडायचा, ‘फक्त एक ठेवा’वर दाबायचा आणि साठ फोटो एका फटक्यात उडवायचा. त्याला त्यात खरोखर सुख वाटायचं.

वर दिसणाऱ्या फोटोत सायबाचा, म्हणजे चर्चच्या संताचा, पुतळा आणि खांदेकरी होते. रोझालिना नव्हती. त्याने ढीग उघडला आणि एकेक सरकवू लागला.

विसाव्यापर्यंत काही नाही. एकविसाव्यात उजव्या कडेला हिरव्या फुलांची बाही. पंचविसाव्यात खांदा. मिरवणूक डावीकडे चालली होती, सगळ्यांची तोंडं पुतळ्याकडे. ती एकटी उलट दिशेने येत होती, माणसांच्या मधून वाट काढत. तिसावा, पस्तिसावा, प्रत्येक फोटोत बोटभर जवळ. आवाज कसलाच नाही, कारण या ढिगातल्या फोटोंना आवाज नसतो. चाळिसाव्यात तिची मान वळायला लागली. सत्तेचाळिसाव्यात तिने थेट बघितलं. कॅमेऱ्यात, म्हणजे आता कायतानच्या डोळ्यांत. थोडी हसत, ओठ उघडायच्या बेतात.

त्याने फोन टेबलावर ठेवला. मग भीत भीत उलटं सरकवून बघितलं. ती पाठ न दाखवता, त्याच्याकडे बघता बघता मागे मागे गेली आणि गर्दीत विरली. बाही दिसेनाशी झाली. त्याने घाईने पुन्हा पुढे सरकवलं. ती आली.

आवाज एकीकडे, चेहरा दुसरीकडे. चेहऱ्याला आवाज नाही आणि आवाजाला नुसते पाय. कायतानने दोन्ही कितीदा बघितलं कुणास ठाऊक. कुत्रा खुर्चीखाली झोपला होता.

मग त्याच्या डोक्यात आलं. रोझालिनाचा फोन! ती फोटो काढताना बोलायचीच. बोलल्याशिवाय तिला काही करताच यायचं नाही. तिने काढलेल्या प्रत्येक लाइव्ह फोटोत, बटण दाबण्याआधीच्या त्या दीड सेकंदात, तीच असणार. काढणारा फोटोत दिसत नाही, पण ऐकू येतो. त्याने तिच्या नावाचा पेनड्राइव्ह शोधला, घातला, व्हिडिओ शोधले. एकही नव्हता. कसा असेल? तीन हजार आठशे फाइली त्याने एका बोटाने पुसल्या होत्या. तेव्हा रोझालिना बाजूलाच उभी होती.

“किती जागा झाली?” तिने विचारलं होतं.

“अकरा जीबी,” हा छाती फुगवून म्हणाला होता.

त्याने ड्रॉवर उपसला. कट्ट्यातल्या, वराडच्या, मालवणच्या लोकांचे फोटो त्याच्याकडे प्रतींच्या रूपात होते. बारशी, बाप्तिस्मे, सत्यनारायण. सगळे मुके. कुणाचा आजा असेल, कुणाची पोर दुबईला गेलेली असेल, सगळ्यांचे आधीचे दीड आणि नंतरचे दीड सेकंद त्याने झाडून टाकले होते, आणि फोनमध्येही ते उरले नव्हते, कारण फोन त्यानेच रिकामे केले होते. पुसलेले फोटो फोनमध्ये महिनाभर बाजूच्या खणात पडून असतात, तेवढी जागाही खातात, म्हणून तो आठवणीने तो खणही साफ करायचा. कामात कसूर नको! दुपारच्या त्या उन्हात त्याला वाटलं की दुकान माणसांनी गच्च भरलंय आणि सगळी तोंड हलवताहेत.

एक गोष्ट उरली होती. या पायांच्या फोटोनंतर यशोदाच्या फोनमध्ये फोटोच नव्हता. रोझालिनाने मागितला आणि यशोदाने काढला नाही? त्याने फोटो वर सरकवून माहिती उघडली. जेपीजी, तीन पूर्णांक सहा एमबी. त्याच्या मागचा, जेपीजी. तो मागे मागे गेला. एका ठिकाणी पाटी बदलली. एचईआयसी, एक पूर्णांक आठ. त्याच्या मागे सगळे तसेच, दीड, पावणेदोन. बदलाच्या अलीकडचा पहिला फोटो गेल्या वर्षीच्या एप्रिलमधला होता, तेजस्वीच्या साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवसाचा.

साखरपुड्याचे फोटो छापायला यशोदा इथेच आली होती. कॉम्प्युटर फोटो उघडेना म्हणून कायतानने नेहमीप्रमाणे सेटिंग बदललं होतं आणि तिला न सांगता फोन परत दिला होता. एप्रिल ते डिसेंबर, फोटो चौदाशे. प्रत्येक पावणेदोन एमबीने फुगलेला. अडीच जीबीच्या आसपास. त्याने कागदावर दोनदा गुणाकार केला आणि दोन्ही वेळा तोच आकडा आला.

चाराला यशोदा पिशव्या घेऊन वाकून आत आली. कुत्र्याला बघून दचकली.

“ह्यो हंय कसो? झाली जागा?”

कायतानने ते तीन सेकंद लावले. यशोदाने पिशव्या खाली ठेवल्या आणि छातीवर हात ठेवला.

“अगे बाये! रोझाबाय…” तिने पडद्यावरच्या पायांकडे बोट केलं. “फेस्ताक. फोन हातात खाली धरलेलंय, अंगठो लागलो आसतलो. ती म्हणाली, माजो काड. मी फोन वर केलंय, बटण दाबलंय तर फोन म्हणता, जागा नाय. दोन फावटी दाबलंय. ती उभी रवली हासत, केस बिस सारखे करून. मागीर म्हणाली, रवांदे गो, फुडल्या फेस्ताक काड. मी म्हटलंय, जा तुज्या घोवाक सांग, फोन रिकामो करून दी म्हणान.”

“माका कायेक सांगूक नाय तिना.”

“सांगतली कशी? तू कामात.”

पस्तीस वर्षांत दुकानात कायतान कधी रडला नव्हता, आता मात्र गिऱ्हाइकासमोर लहान पोरासारखा रडला.

“यशोदाबाय, तुजो फोन मियाच भरलंय,” तो म्हणाला.

यशोदाला काही कळलं नाही. तिला वाटलं, माणूस भ्रमिष्ट झाला. तिने त्याच्या माठातलं पाणी त्यालाच आणून दिलं. त्या दिवशी तिची चाराची गाडी चुकली. कायतानने तिचा फोन रिकामा केला, पण व्हिडिओंसकट सगळं उतरवून घेतल्यावर, आणि ढिगातला एकही फोटो न काढता. दोन पेनड्राइव्ह लागले. सेटिंग पुन्हा ‘हाय एफिशियन्सी’ करून दिलं आणि काय केलं ते तिला नीट समजावून सांगितलं. “बाळाचे काडशीत तेवा बटण नुसता टेकव. आनी ह्या लाइव्ह आसा ता बंद करू नको. जागा खाता, खावंदे.” पैसे घेतले नाहीत.

सत्तेचाळिसावा फोटो म्हापशाला गेला.

दोन नोव्हेंबरला संध्याकाळी सिमितरी मेणबत्त्यांनी उजळली होती. खोबण भरली होती. चिनीमातीवरची रोझालिना येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत होती, आणि थडग्याच्या दोन्ही बाजूंना सरकून बघितलं तरी तिची नजर हटत नव्हती. डेलिशा फुलं ठेवता ठेवता थांबली.

“पप्पा, मम्मी काय तरी सांगता तशी दिसता.”

“हां,” कायतान म्हणाला. “तुजो फोन दी बघू.”

डेलिशाने आयफोन दिला. कायतान समोर उभा राहिला, पाय रोवले, जसा लग्नात नवरीसमोर उभा राहायचा. बटणाला बोट टेकवलं, आणि नंतरही हात हलू दिला नाही. लोक मागून जात होते, कुणीतरी त्याला नावाने हाक मारली, त्याने वळून पाहिलं नाही.

घरी आल्यावर डेलिशा तो फोटो बोटाने दाबून धरून बघत होती. वारा, मेणबत्तीची फडफड. मग ती चमकली आणि तिने फोन बापाच्या कानाशी नेला.

“बटण दाबच्या आदी तू काय म्हटलंस, आयक.”

कायतानने ऐकलं. आपण काही बोललो होतो हे त्याला आठवतच नव्हतं. पण आवाज त्याचाच होता, दुकानातला, मोठा.

“हास गो, रोझा.”